लाल शाई आणि चौकटी

आमच्या शेजारची सून एका शाळेत नववीला मराठी शिकवते. परवा संध्याकाळी ती एक कागद घेऊन आली. "बाई, शाळेत सांगितलंय की निबंध तपासायला आता रुब्रिक हवं. मी केलंय, जरा बघा ना."

कागदावर छान आखलेला तक्ता होता. डाव्या बाजूला निकष होते: विचार, मांडणी, भाषा, शुद्धलेखन. वरच्या ओळीत उत्तम, चांगले, मध्यम, सुधारणेस वाव. आणि आतल्या चौकटींत? "विचार अतिशय प्रभावी", "विचार प्रभावी", "विचार काहीसे प्रभावी", "विचार प्रभावी नाहीत". पुढच्या तीन ओळींतही हाच प्रकार, फक्त "विचार" च्या जागी "मांडणी", "भाषा" वगैरे.

मी म्हटलं, "अगं, हा तक्ता नाहीच. सोळा चौकटी आहेत, पण आत एकच शब्द आहे. प्रभावी म्हणजे काय ते कुठे लिहिलंयस?"

ती हसली. मग म्हणाली, "तुमच्या वेळी होतं का हो असलं काही?"

नव्हतं. आमच्या वेळी लाल पेन होतं आणि वीसपैकी आकडा होता. तो आकडा कुठून यायचा, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. १९८१ साली मात्र तो प्रश्न समोर येऊन उभा राहिला. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

तालुक्याच्या निबंध स्पर्धेला शाळेतून एक मूल पाठवायचं होतं. विषय होता 'आमच्या गावचा आठवडी बाजार'. अडतीस मुलांनी लिहिलं. कागदांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. मी दोन रात्री बसून तपासले आणि गुण एका सुट्या कागदावर मांडले. तो कागद हरवला. घर पालथं घातलं, सापडला नाही. सोमवारी नाव द्यायचं होतं, म्हणून रविवारी सगळे अडतीस निबंध पुन्हा तपासले, नवी यादी केली आणि पहिल्या आलेल्या मुलाचं नाव दिलं.

दिवाळीच्या साफसफाईत जुनी यादी सापडली. मी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि मला घामच फुटला. अडतीसपैकी अकरा निबंधांना दोन्ही वेळा तेच गुण होते. बाकीचे दोन-तीन गुणांनी खालीवर झालेले. आणि एका मुलाला पहिल्यांदा १६ होते, सगळ्यांत जास्त. दुसऱ्यांदा ११. निबंध तोच, डोळे तेच, पेनही तेच! मध्ये फक्त पाच दिवस गेले होते.

तो मुलगा कुंभारवाड्यातला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण गावात कळतंच. त्या वर्षी पुढे त्याने माझ्या वहीत चार ओळींच्या वर कधी लिहिलं नाही.

असो. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला. तेव्हा कळलं की या रोगाचा शोध फार जुना आहे आणि त्यावर औषध म्हणून जो तक्ता निघाला त्याचाही मोठा इतिहास आहे.

आधी शब्दाचं सांगते. रुब्रिक हा शब्द लॅटिनमधल्या तांबड्या मातीच्या नावावरून आला. युरोपातल्या हस्तलिखितांत मजकूर काळ्या शाईने आणि मथळे, सूचना लाल रंगात लिहीत. आपल्याकडच्या पोथ्यांतही हिंगुळाची लाल शाई वापरलेली दिसते. म्हणजे हा शब्द मास्तरांच्या लाल शाईचा नात्याने काका लागतो म्हणायचा.

इंग्लंडमध्ये एजवर्थ नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये परीक्षांवर एक लेख लिहिला. त्यात लॅटिन गद्याच्या एकाच उत्तराला अठ्ठावीस जाणत्या परीक्षकांनी दिलेले गुण आहेत. सर्वांत कमी ४५ आणि सर्वांत जास्त १००. तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या हुबेहूब प्रती छापून दोनशे शाळांना पाठवल्या. एकशे बेचाळीस शाळांची तपासणी हिशोबात धरता आली. पहिल्या उत्तरपत्रिकेला ६४ पासून ९८ पर्यंत सगळे गुण मिळाले होते, आणि दुसरीचा पसारा तर ५० पासून सुरू होत होता. एकच मूल एका शाळेत नापास आणि दुसऱ्या शाळेत पहिलं! लोक म्हणाले, भाषेचं असंच असतं, गणितात असं होणार नाही. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला. त्यात २८ पासून ९२ पर्यंत गुण आले.

त्याच १९१२ मध्ये हिलेगस नावाच्या प्राध्यापकाने एक वेगळा उपाय सुचवला. त्याने दहा निबंधांची एक पट्टी तयार केली. सर्वांत खालच्या निबंधाची किंमत शून्य, सर्वांत वरच्याची ९३७. शिक्षकाने मुलाचा निबंध हातात घ्यायचा, पट्टीवरच्या निबंधांशी ताडून पाहायचा आणि ज्याच्या शेजारी शोभेल त्याची किंमत द्यायची. कापडाचा तुकडा नमुन्याशी लावून बघावा तसं. कल्पना वाईट नव्हती. अडचण अशी की पट्टीवरचे निबंध एका जातीचे नव्हते. कुठे पत्र, कुठे गोष्ट, कुठे पुस्तकाविषयी. मुलाने बाजाराचं वर्णन लिहिलं असेल तर ते पत्राशी कसं ताडणार? आणि हा ७७२ च्या शेजारचा आहे म्हटलं, तरी का आहे ते पट्टी सांगत नाही. मुलाने विचारलं तर आपण निरुत्तर.

आपल्याशी संबंध असलेलं एक नाव इथे येतं. सर फिलिप हार्टॉग. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि १९२९ च्या ज्या हार्टॉग समितीविषयी आम्ही बी.एड्.ला पाठ केलं ते हेच. त्यांनी आणि ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये इंग्लंडात इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका घेतल्या. या पंधराही पत्रिकांना मूळ परीक्षेत सारखेच, मधले गुण होते. त्या पंधरा परीक्षकांकडून तपासून घेतल्या. गुण २१ पासून ७० पर्यंत पसरले. वर्ष-दीड वर्षाने त्यांतल्या चौदा जणांकडे त्याच पत्रिका पुन्हा दिल्या. पास, नापास की विशेष, असे एकूण २१० निर्णय होते. त्यांतले ९२ बदलले. हे वाचलं तेव्हा माझ्या दोन याद्या आठवल्या. मन थोडं हलकं झालं, खोटं कशाला बोलू! पण त्या मुलाला त्याचा काय उपयोग?

आता या सगळ्यातला जो माणूस मला सर्वांत जवळचा वाटतो, त्याच्याकडे येते. पॉल डीडरिक. अमेरिकेतल्या एका परीक्षा संस्थेत तो संशोधक होता. फ्रेंच आणि कार्ल्टन या सहकाऱ्यांबरोबर त्याने केलेलं काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या मुलांचे तीनशे निबंध घेतले आणि त्रेपन्न वाचकांना दिले. गंमत अशी की सगळे वाचक इंग्रजीचे शिक्षक नव्हते. दहा इंग्रजीचे, नऊ समाजशास्त्रांचे, आठ विज्ञानाचे, दहा लेखक-संपादक, नऊ वकील आणि सात उद्योगातले अधिकारी. त्यांना मुद्दामच कुठलेही नियम दिले नाहीत. एवढंच सांगितलं की तुमच्या मते गुणवत्तेप्रमाणे नऊ गठ्ठे करा आणि काय आवडलं, काय खटकलं ते कागदावर लिहा.

निकाल काय लागला? तीनशेपैकी एकशे एक निबंध असे निघाले की ते नऊच्या नऊ गठ्ठ्यांत कुठे ना कुठे पडले होते. पाचापेक्षा कमी गठ्ठ्यांत पडला असा एकही निबंध नव्हता.

इथवर ही नेहमीचीच कहाणी आहे. डीडरिकची हुशारी पुढे आहे. माणसं भांडतात, असं म्हणून तो थांबला नाही. कोण कुणाशी सहमत आहे ते त्याने पाहिलं. एकमेकांशी जुळणाऱ्या वाचकांचे गट पाडले आणि त्यांनी समासात काय लिहिलं ते वाचलं. पाच घराणी निघाली. एकाला विचारांचं महत्त्व, दुसऱ्याला व्याकरण-शुद्धलेखनाचं, तिसऱ्याला मांडणीचं, चौथ्याला शब्दयोजनेचं आणि पाचव्याला लिहिणाऱ्याच्या खास चवीचं, म्हणजे शैली आणि प्रामाणिकपणा. वाचक बेजबाबदार नव्हते. प्रत्येक जण इमानदारीने तपासत होता, पण वेगळ्याच गोष्टीला गुण देत होता. वीसपैकी बारा, या एका आकड्यात ते भांडण दडून राहतं.

म्हणून त्याने आकडा फोडला. १९७४ च्या त्याच्या छोट्या पुस्तकात हा तक्ता दिलेला आहे. विचार आणि मांडणी या दोन ओळींना प्रत्येकी २, ४, ६, ८, १०. शब्दयोजना आणि चव यांना १ ते ५. मग वापर, विरामचिन्हं, शब्दलेखन आणि हस्ताक्षर या चार ओळींना १ ते ५. एकूण पन्नास. आणि प्रत्येक ओळीत वरचा, मधला आणि खालचा निबंध कसा दिसतो याचं वर्णन.

हस्ताक्षराला गुण कशाला, असं मलाही वाटलं होतं. विचार केल्यावर मी असं समजते की घाणेरडं अक्षर तपासणाऱ्याला चिडवतंच. त्या चिडीला स्वतःची चौकट दिली तर ती विचारांच्या चौकटीत सांडत नाही. चीड कशाकशाने येते, किंवा उलट कौतुक कशाने वाटतं, याचाही त्याने एक प्रयोग केला होता. काही निबंधांवर 'विशेष वर्ग' असा शिक्का मारला, त्याच निबंधांच्या दुसऱ्या प्रतींवर 'साधा वर्ग'. शिक्क्याने गुण वर गेले. आपल्याकडे शिक्का लागत नाही. आडनाव पुरतं.

शेजारच्या सुनेला मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. मग उठून ट्रंक उघडली. स्पर्धेचे ते अडतीस कागद मी परत दिले नव्हते, टाकूनही दिले नव्हते. त्यातले दोन काढले. एक कुंभारवाड्यातल्या मुलाचा, एक मी पाठवलेल्या मुलाचा. कोणता कुणाचा ते सांगितलं नाही. म्हटलं, "आधी तक्ता नीट करू. मग तू तपास, मीही तपासते. एकमेकींचं बघायचं नाही."

तक्ता नीट करायचा म्हणजे काय? खुर्चीत बसून वर्णनं रचायची नाहीत, एवढं मला पक्कं कळलं आहे. तिच्या वर्गाच्या तीस वह्या घेतल्या आणि कुठलाही निकष न लावता तीन ढीग केले. मग वरच्या ढिगातल्या वह्यांत असं काय आहे जे मधल्यात नाही, ते कागदावर लिहिलं. चौकटीतली वाक्यं त्यातून काढायची. म्हणजे "प्रभावी" ऐवजी बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी येतं. तिने विचारांना दुप्पट गुण द्यायचे ठरवले, डीडरिकसारखेच. आमचा पहिला तक्ता असा झाला:

| निकष | पातळी ४ | पातळी ३ | पातळी २ | पातळी १ |
|---|---|---|---|---|
| विचार (८, ६, ४, २) | विषयाला धरून भरपूर विचार, योग्य उदाहरणे | पुरेसे विचार, एखादे उदाहरण | विचार मोजके, उदाहरण नाही | विषय सुटला आहे |
| मांडणी (४, ३, २, १) | परिच्छेद आहेत; एकही परिच्छेद हलवला तर अर्थ बिघडेल | परिच्छेद आहेत; एक-दोन जागा बदलल्या तरी चालतील | परिच्छेद नाहीत, पण क्रम लागतो | क्रम लागत नाही, मागचे पुढे येते |
| भाषा (४, ३, २, १) | शब्द नेमके, वाक्ये लहानमोठी | शब्द बरोबर, पण वाक्ये एकसारखी किंवा सैल | तेच तेच शब्द, काही वाक्ये अर्धवट | वाक्य दोनदा वाचावे लागते |
| शुद्धलेखन (४, ३, २, १) | पानात २ पर्यंत वेगळ्या चुका | ३ ते ५ | ६ ते १० | १० हून जास्त |

शुद्धलेखनाच्या ओळीत 'वेगळ्या' हा शब्द मी आग्रहाने घातला. एखादं मूल 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहितं आणि निबंधात तो शब्द नऊ वेळा येतो. ती चूक एक आहे, नऊ नाहीत. आणि निबंधातल्या माणसाच्या तोंडी 'मंग काय करू' असं बोलणं असेल तर ती चूकच नाही, ती बोली आहे. हेही खाली टीप म्हणून लिहिलं. तिसरी टीप शून्याची. या तक्त्यात काहीही लिहिलं तरी सर्वांत कमी ५ मिळतात, वीसपैकी पाव. डीडरिकच्या तक्त्यातही पन्नासपैकी दहा फुकटच होते. म्हणून कोऱ्या किंवा चार ओळींच्या कागदाला तक्ता लावायचाच नाही, असं ठरवलं.

मग दोघी तपासायला बसलो.

पाठवलेल्या मुलाचा निबंध सुरेख अक्षरातला. बाजार हे गावाचं हृदय आहे, बाजारात सर्व जातीधर्मांचे लोक एकत्र येतात, बाजारामुळे शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळतो. पाच परिच्छेद. शेवटी बाजार आपल्याला एकतेचा संदेश देतो.

दुसऱ्या निबंधात दोन पानं सलग मजकूर. न-ण चा गोंधळ, ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद. पण तो लिहितो की आई पहाटे मडकी गवतात बांधते. बाजारात बाया मडकं उचलून बोटाच्या पेराने वाजवून बघतात. पक्कं भाजलेलं खणखण वाजतं, कच्चं बद्द वाजतं. एक मडकं वाटेत तडकलं ते आईने मागे ठेवलं. संध्याकाळी एक म्हातारी आली, तिच्याजवळ पैसे कमी होते, ती म्हणाली तेच तडकलेलं दे. आई म्हणाली ते पाण्याला चालणार नाही, दाणे ठेवायला ने, पैसे नको. परत येताना गवत रिकामं होतं म्हणून तो गाडीत झोपला.

माझे गुण झाले असे. मडक्यांच्या निबंधाला विचार ८, मांडणी २, भाषा ३, शुद्धलेखन १, एकूण १४. हृदयाच्या निबंधाला विचार ४, मांडणी ४, भाषा ३, शुद्धलेखन ४, एकूण १५.

तिचे असे. मडक्यांना ६, २, ३, १ म्हणजे १२. हृदयाला ६, ४, ४, ४ म्हणजे १८.

मांडणी आणि शुद्धलेखन दोघींचं तंतोतंत जुळलं, भाषेत एका पातळीचा फरक. विचारांच्या ओळीत मात्र दोन्ही निबंधांवर आम्ही वेगळ्या, आणि तेही उलट दिशांना. मी विचारलं, "याला सहा का दिलेस?" ती म्हणाली, "त्याने बाजाराचं आर्थिक महत्त्व सांगितलंय, सामाजिक सांगितलंय. विचार पुरेसे आहेत की! मडकीवाल्याने फक्त एक प्रसंग सांगितलाय." मी 'उदाहरण' म्हणजे स्वतः पाहिलेलं असं धरलं होतं. तिने मुद्द्यांची संख्या मोजली होती. तक्ता दोघींनाही बरोबर म्हणत होता. अशा वेळी तपासणाऱ्यांवर रागवायचं नसतं. चौकटीतलं वाक्य नापास करायचं.

आम्ही ती ओळ खोडून नवी लिहिली. पातळी ४ म्हणजे ज्याने हे पाहिलं नाही त्याला लिहिता येणार नाहीत असे निदान तीन तपशील, आणि ते विषयाबद्दल काही सांगतात. पातळी ३, असे एक-दोन तपशील. पातळी २, विषयाला धरून आहे पण कुठल्याही गावाच्या बाजाराला लागू पडेल. पातळी १, विषय सुटला.

तिने पुन्हा तपासलं. मडक्यांना ८, हृदयाला ४. आता तिचे एकूण १४ आणि १६. माझे १४ आणि १५. आमच्यातला फरक एका गुणावर आला. १९८१ मध्ये माझा माझ्याशीच पाच गुणांचा फरक होता, तेव्हा हे काही थोडकं नाही.

पण एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. मडकी अजून मागेच होती.

हे मला रात्रीपर्यंत खुपत राहिलं. डीडरिकचा तक्ता काढून त्यातही दोन्ही निबंध घालून पाहिले. माझ्या हाताने मडक्यांना पन्नासपैकी ३०, हृदयाला ३६. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. त्याच्या आठ ओळींतल्या चार नियमांच्या आहेत, वीस गुणांच्या. वापर, विरामचिन्हं, शब्दलेखन, अक्षर. घरात वही-पुस्तक नसलेल्या मुलाचे हे चारही एकाच वेळी जातात. एकाच उणिवेची चार ओळींत चार वेळा शिक्षा होते. निकषासमोर किती गुण आहेत हे सगळे बघतात. एकाच गोष्टीच्या ओळी किती आहेत हे कुणी मोजत नाही. आणि निबंधातलं काय महत्त्वाचं, हे तक्ता सांगत नाही. ते आपण तक्त्याला आधी सांगितलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "विचारांना १२, ९, ६, ३ कर. मांडणी चार, भाषा चार. झाले वीस. शुद्धलेखन तक्त्याबाहेर काढ, त्याचे गुण वेगळे दे." तसं केलं की मडक्यांना १७ होतात, हृदयाला माझ्याकडून १३, तिच्याकडून १४.

तिला ते पटलं नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही निकाल आधी ठरवून तक्ता मागून करताय."

खरं होतं ते. मी गप्प बसले.

मग तीच म्हणाली की स्पर्धेला मूल निवडायचं असेल तर तुमचा तक्ता घेईन, तिथे कोण काय सांगतंय हेच बघायचं असतं. पण नववीच्या वर्गात शुद्धलेखनाचे चार गुण राहू देणार. ते काढले तर मुलं लक्षच देणार नाहीत आणि बोर्डाच्या पेपरात मार खातील. दोन कामांना दोन तक्ते. मी म्हटलं ठीक, पण मग मुलांना निबंध लिहायच्या आधी तक्ता दाखव, कशाला किती ते त्यांना कळू दे. त्यावर तिने दुसरी अडचण सांगितली. तिच्या मैत्रिणीने असा तक्ता भिंतीवर लावला, तर पुढच्या महिन्यात प्रत्येक निबंधात बरोबर तीन तपशील आले, पहिल्या परिच्छेदात ओळीने, आणि त्यातले निम्मे बनवलेले! त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. तक्ता दाखवला तर मुलं तक्त्यासाठी लिहितात, नाही दाखवला तर आंधळी कोशिंबीर. मी असते तर दाखवला असता आणि त्यासोबत चार-पाच जुने निबंधही वाचून दाखवले असते, हिलेगसच्या पट्टीसारखे. मात्र सगळे एकाच विषयावरचे.

जाताना तिने दोन्ही कागद माझ्या हातात परत दिले आणि विचारलं, "यातला स्पर्धेला कोणता गेला होता?"

मी सांगितलं. दोन्ही याद्याही दाखवल्या. तिने त्या बराच वेळ पाहिल्या. मग एक लक्षात आणून दिलं, जे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. याद्या मी तपासलेल्या क्रमाने लिहिलेल्या होत्या. पहिल्या यादीत मडक्यांचा निबंध सहावा, आणि त्याच्या आधीच्या पाचांना ७, ८, ६, ९, ७. दुसऱ्या यादीत तो एकोणतिसावा होता. त्याच्या बरोबर आधी, अठ्ठाविसावा, सुरेख अक्षरातला बाजाराच्या हृदयाचा.

ती येत्या शनिवारी दहा वह्या घेऊन येणार आहे. एका वेळी एकच निकष घ्यायचा, दहाही वह्यांतली तेवढीच ओळ तपासायची, आणि पुढच्या निकषाला वह्यांचा क्रम बदलायचा, असं ठरलंय. वेळ जास्त लागेल. चहा मी करीन म्हटलंय.